रविवारचं तेल

प्रश्न: बाबांची जुनी काळी सायकल हल्ली फार जड चालते. घरी सगळीकडे तेल सोडून पाहिलं, फरक नाही. दुकानवाला म्हणतो पूर्ण खोलून सर्व्हिसिंग करा. खरंच गरज असते, की नुसते पैसे काढायचे धंदे?

आधीच सांगून टाकतो, मीही एक ‘दुकानवाला’च आहे. पुण्यात कसब्यात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. तेव्हा माझं म्हणणं थोडं चाळूनच घ्या. पण तुमच्या प्रश्नातलं ‘घरी तेल सोडून पाहिलं’ वाचलं आणि आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची आठवण झाली. त्यांचीच गोष्ट सांगतो. उत्तर त्यातच आहे.

काका खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले. 1974 साली नोकरी लागली तेव्हा घेतलेली सायकल अजून तीच. काळी, 24 इंची, रॉड ब्रेकची, फुल चेनकव्हरवाली. रोज कसब्यातून शिवाजीनगर, वाकडेवाडी करत खडकी, आणि संध्याकाळी परत. त्या वेळी भोंग्याच्या आधी त्या रस्त्यावर सायकलींचा लोंढा असायचा, असं वडील सांगत. आता काकांची सायकल मंडईपर्यंत जाते आणि येते. माझ्या वडिलांना ते नावाने हाक मारायचे, मला अजून ‘बाळ्या’ म्हणतात. मी पन्नाशीला आलोय.

गेल्या वर्षी मे महिन्यात ते सायकल हातात धरून चालत आले. बसून नाही, चालत. स्टँडवर लावली आणि म्हणाले, “बाळ्या, हिला गिऱ्हाईक बघ. माझे गुडघे गेले. नव्या पुलाच्या चढाला परवा उतरावं लागलं.”

“काका, गुडघे गेले हे डॉक्टर म्हणाले का?”

“मी म्हणतोय ना.”

आता गुडघ्यातलं मला काही कळत नाही. पण माणूस सायकल जड लागते म्हणाला की आधी सायकल तपासायची, ही वडिलांची शिस्त. आणि तपासायची तीही सोप्याकडून अवघडाकडे. पाना नंतर, अंगठा आधी.

अंगठा मागच्या टायरवर दाबला तर टायर निम्मं आत गेलं. पंक्चर नव्हतं. या सायकलींना जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह असतो, ज्याच्या आत बारीक रबरी नळी चढवलेली असते. आम्ही तिला व्हॉल्व्ह ट्यूब म्हणतो. ती काही वर्षांनी चिकट होते, तडकते, आणि हवा रात्रभरात हळूच निघून जाते. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावून बघितली तर सावकाश एक बुडबुडा वर आला. झालं, एक चोर सापडला. दोन बोटं लांबीची नळी बदलायची, काम दोन मिनिटांचं. या व्हॉल्व्हवर मीटर लावून आतली हवा नीट मोजता येत नाही, त्यामुळे आमचं मोजमाप अंगठ्याचंच: माणूस सीटवर बसल्यावर टायर जमिनीशी किंचितच पसरलं पाहिजे. काकांचं भाकरीसारखं पसरत होतं.

मग मागचं चाक उचलून फिरवलं. आवाज आला, खर्र, खर्र, खर्र, प्रत्येक फेऱ्याला एकदा. ब्रेकचे रबर रिमला घासत होते. रॉड ब्रेकमध्ये रबर रिमच्या बाजूला लागत नाहीत, रिमच्या आतल्या अंगाला लागतात, जिकडून तारा निघतात तिकडून. रिमला जरा जरी आऊट असेल, म्हणजे चाक गोल न फिरता थोडं वरखाली होत असेल, तर तेवढ्या जागी रबर टेकतो. काकांच्या मागच्या चाकाच्या चाळीस तारांपैकी दोन ढिल्या होत्या. हा दुसरा चोर.

मी विचारलं, “काका, ब्रेक एवढा जवळ कुणी घेतला?”

“मीच. लागतच नव्हता. मंडईत एका हातगाडीला टेकलो.”

ब्रेक लागत नव्हता, का? रबर तर नवे होते. गेल्या दिवाळीत आमच्याकडूनच नेलेले. बोट फिरवलं रबरावर, बोट काळं आणि तेलकट. रिमच्या आतल्या अंगावर बोट फिरवलं, तिथेही तेल. तारांवर तेल. तारांच्या मुळाशी, चाकाच्या मध्यावरच्या हबच्या कडेला, तेल आणि धूळ मिळून काळी पेस्ट झालेली. आता मला वास लागला.

“काका, हबमध्ये तेल घालता का?”

काका एकदम खूश झाले. “दर रविवारी! अंघोळीच्या आधी. शिलाई मशीनचं तेल, आपलं ते छोट्या कुपीतलं. वरची पत्री सरकवायची, चार थेंब. कधी सहा. फॅक्टरीत शिकलोय, यंत्राला तेल पाहिजे.”

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

जुन्या सायकलच्या हबवर मधोमध एक बारीक भोक असतं आणि त्यावर स्प्रिंगची पत्री. ते भोक तेल घालायलाच ठेवलेलं आहे, काकांचं काही चुकीचं नव्हतं. पण आम्ही मेकॅनिक लोक हब खोलतो तेव्हा छऱ्यांमध्ये ग्रीस भरतो. ग्रीस घट्ट असतं, जागेवर राहतं, पाणी आणि धूळ अडवून धरतं. त्यात दर आठवड्याला पातळ तेल टाकत गेलं की ग्रीस सैल होतं, आणि तेलाबरोबर कडेकडेने बाहेर यायला लागतं. चाक फिरतंय, तेल तारांवरून बाहेर फेकलं जातंय, आणि तारा जिथे रिमला मिळतात नेमका तिथेच रॉड ब्रेकचा रबर टेकतो. म्हणजे काका रविवारी तेल घालत होते, सोमवारपर्यंत त्यातलं थोडं ब्रेकला पोचत होतं. ब्रेक घसरला म्हणून त्यांनी तो आवळला. आवळला म्हणून घासला. घासला म्हणून सायकल जड झाली. जड झाली म्हणून पुढच्या रविवारी चारच्या जागी सहा थेंब.

मी हे सांगितलं तेव्हा काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे गुडघ्यांवर उगाच आळ घेतला.”

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण आमच्या धंद्यात ती सहसा कुणी सांगत नाही. सायकल जड लागण्याचं कारण बहुतेक वेळा हब नसतं. हवा कमी असते, नाहीतर ब्रेक घासत असतो. हब कोरडा पडला तरी पायाला फरक थोडाच जाणवतो. टायर बसलेलं असलं तर खूप जाणवतो. त्या दिवशी मी व्हॉल्व्ह ट्यूब बदलून, हवा भरून आणि ब्रेक मागे घेऊन सायकल काकांना परत दिली असती, तरी ते नवा पूल न उतरता चढले असते. तेवढ्या कामाचे मी ओळखीच्या माणसाकडून पैसेही घेत नाही. तेव्हा तुमच्या बाबांच्या सायकलचंही आधी एवढंच बघा. अंगठा दाबा. चाक उचलून फिरवा आणि कान द्या. कदाचित दुकानात जावंच लागणार नाही.

मग खोलायचं कशाला?

त्यासाठी आणखी एक परीक्षा आहे, ती घरीही करता येते. पुढचं चाक जमिनीपासून उचला, हळू फिरवा आणि आपोआप थांबू द्या. व्हॉल्व्हच्या बाजूला चाक थोडं जड असतं, त्यामुळे थांबण्याआधी ते झोपाळ्यासारखं थोडं मागे-पुढे व्हायला हवं. झोका न घेता कचकन थांबलं तर एक्सलवर चढवलेले, छऱ्यांना जागेवर धरणारे कोन फार आवळलेत किंवा आत काहीतरी बिघडलंय. मग रिम हातात धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. कट्‌कट् असा खेळ जाणवला तर कोन सैल आहेत. मागच्या चाकालाही हेच, फक्त तिथे चेन ओढत असते, म्हणून झोका तितका मोकळा दिसत नाही. काकांचं मागचं चाक दोन्ही परीक्षांत नापास झालं. हलतही होतं आणि फिरताना हाताला बारीक खरखरही लागत होती, वाळूवर पाटी सरकवल्यासारखी.

“खोलतो,” मी म्हणालो.

“किती घेशील?”

“साडेचारशे. सामान लागलं तर वेगळं, पण विचारल्याशिवाय घालणार नाही.”

“तुझ्या बापाने पंधरा रुपयांत ओव्हरऑइल करून दिली होती.”

आमच्या गिऱ्हाइकांपैकी जुनी मंडळी अजून ‘ओव्हरऑइल’च म्हणतात. मूळ शब्द ओव्हरहॉल, पण तेल-ग्रीस आहे म्हटल्यावर लोकांनी त्याचं ऑइल करून टाकलं. मला तोच शब्द बरा वाटतो. फक्त काकांच्या बाबतीत तो जरा जास्तच खरा ठरला.

फुल चेनकव्हरच्या सायकलचं मागचं चाक काढणं हे कंटाळवाणं काम आहे. कव्हरचा शेपटीचा भाग सोडवावा लागतो, त्याचे बारीक स्क्रू गंजलेले असतात, मडगार्डच्या काड्या, कॅरियर, स्टँड, सगळं त्याच एक्सलवर. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी ‘सर्व्हिसिंग’ म्हणजे बाहेरून पुसणं, चेनवर तेल आणि दोन नट आवळणं एवढंच होतं, मागचा हब कुणी उघडतच नाही. तुम्ही पैसे देणार असाल तर एवढं एकच विचारा: मागचा हब खोलणार का? आणि जुने छरे मला दाखवणार का? दुकानदार जरा अडखळला तर समजून जा.

एक्सल काढला आणि छरे रॉकेलच्या वाटीत टाकले. ही सवय वडिलांची: एका बाजूचे एका वाटीत, दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या. मागच्या हबला पाव इंची छरे, एका बाजूला नऊ. चेनच्या बाजूला नऊ निघाले. दुसऱ्या बाजूला आठ.

आता हे कुणाचं काम? काकांनी गेली पंचवीस वर्षं दुसरीकडे सायकल नेलेली नाही. म्हणजे हा हब शेवटी आमच्याच दुकानात उघडला होता. माझा हात असेल, नाहीतर तेव्हाच्या पोऱ्याचा. एखादा छरा घरंगळून पेटीखाली गेला असेल आणि संध्याकाळची घाई असेल. एक छरा कमी असला म्हणून चाक लगेच बंद पडत नाही. पण छऱ्यांमधली फट वाढते आणि वजन कमी छऱ्यांवर येतं. मी काकांना सांगितलं. न सांगून चाललं असतं, पण वाटी त्यांच्यासमोरच होती आणि ते मोजत होते. अम्युनिशन फॅक्टरीचा माणूस, मोजल्याशिवाय कसा राहील.

“आठ आहेत,” ते म्हणाले.

“हो. त्या बाजूचं सामान माझ्याकडून.”

कोन पुसून उजेडात धरले. छरे जिथे फिरतात तिथे कोनावर एक चकचकीत कडं उमटतं, ते असायलाच हवं. बघायचं असतं ते त्या कड्यातले खड्डे. बॉलपेनचं टोक कड्यावरून फिरवायचं; अडखळलं तर कोन गेला. आठ छऱ्यांच्या बाजूचा कोन अडखळला, दोन ठिकाणी. दुसरा ठीक होता. मग हबच्या आतले कप पाहिले, आणि इथे मात्र माझा जीव भांड्यात पडला. कप गुळगुळीत होते.

हेच त्या साडेचारशे रुपयांचं खरं कारण आहे. कोन सुटा भाग आहे, स्वस्त असतो, नवा लावला की झालं. कप हबमध्ये ठोकून बसवलेला असतो. कोनाला पडलेले खड्डे तसेच ठेवून सायकल चालवली, तर छरे खराब होतात आणि मग कपही खराब होतो. कप गेला की आमच्यासारख्या दुकानात सरळ हबच बदलावा लागतो. हब बदलायचा म्हणजे चाळीस तारा सोडायच्या, नव्या हबमधून पुन्हा ओवायच्या, रिमचा आऊट काढायचा. अर्धा दिवस जातो आणि खर्च ओव्हरऑइलच्या दुपटीवर जातो. आणि जुन्या हबसारखा हब आता मिळत नाही, हे वेगळंच. मी सर्व्हिसिंग विकतो ते सायकल हलकी करण्यासाठी नाही. हलकी ती हवेने होते. सर्व्हिसिंगने हब वाचतो.

बाकीचं पटकन सांगतो. एक कोन नवा, छरे दोन्ही बाजूंचे नवे (जुन्यात नवे मिसळू नयेत, मापात केसाएवढा फरक असतो आणि सगळं वजन मोठ्यावर येतं). नवीन ग्रीस, कप भरून. कोन आवळताना एक गोष्ट सांभाळायची असते: लॉकनट आवळला की कोन थोडा आणखी आत सरकतो, म्हणून आधी किंचित सैल ठेवावा लागतो. माझं साधारण तिसऱ्या खेपेला जमतं. वडिलांचं पहिल्या खेपेला जमायचं. ढिल्या तारा पाव-पाव फेऱ्याने आवळून आऊट काढला. रिम साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, वाळवून, मग स्पिरिटने पुसली. रॉकेलने पुसू नका, त्याचा तवंग मागे राहतो आणि ब्रेक पुन्हा घसरतो. तेल प्यायलेले रबर फेकून नवे लावले आणि रिमपासून दोन-तीन मिलिमीटरवर ठेवले.

चेन मात्र बदलली नाही. काकांनीच विचारलं होतं, पन्नास वर्षांची सायकल आहे, चेन घाल म्हणून. चेन मोजायची रीत सोपी आहे. स्टीलची पट्टी घ्यायची आणि एका पिनेच्या मध्यापासून, ती पिन न मोजता, पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजायचं. नव्या चेनला बरोबर 12 इंच भरतात. एक अष्टमांश इंच, म्हणजे एक सूत, जास्त भरलं तर चेन गेली, आणि बहुधा फ्रीव्हीलचे दातही बरोबर घेऊन गेली. काकांची चेन जेमतेम अर्धा सूत वाढलेली. फुल चेनकव्हरचं हे पुण्य; त्या पत्र्याच्या डब्यात धूळच जात नाही. पायडलच्या मधल्या गोट्यालाही हात लावला नाही. क्रँक धरून हलवून पाहिली, खेळ नव्हता. तिथे उघडायचं म्हणजे कॉटर पिन हातोडीने ठोकून काढायची, आणि जुनी पिन कधी वाकते, कधी तुटते. विनाकारण ठोकू नये.

बिल झालं साडेचारशे, अधिक चेनच्या बाजूचे छरे आणि ब्रेकचे रबर. आठ छऱ्यांच्या बाजूचं सामान धरलं नाही. काकांनी बिल दोनदा वाचलं. मग सायकल स्टँडवरच ठेवून मागचं चाक हाताने फिरवलं आणि बघत उभे राहिले. फिरत राहिलं. पोऱ्या चहा घेऊन आला तरी फिरत होतं.

“हे थांबत का नाही?”

“ब्रेक दाबा.”

दाबला. थांबलं. मग म्हणाले, “आता हिला गिऱ्हाईक बघू नकोस.”

आठवड्याने त्यांना परत बोलावलं होतं. नवे कोन आणि आवळलेल्या तारा थोड्या वापरानंतर बसतात, आणि तेव्हा एकदा तपासलं की वर्षभर बघावं लागत नाही. त्याचे वेगळे पैसे नसतात. काका रविवारी आले, सकाळी, अंघोळीच्या आधी. खिशातून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी काढली आणि काउंटरवर ठेवली. “ही घरी राहिली तर हात जातो,” म्हणाले. ती अजून माझ्या फळीवर आहे. घंटीत आणि स्टँडच्या स्प्रिंगमध्ये घालायला चांगली पडते.

तर तुमचं असं करा. आधी हवा आणि ब्रेक स्वतः बघा. मग चाकाचा झोका आणि खेळ बघा. झोका मोकळा असेल आणि खेळ नसेल तर त्या दुकानदाराला यंदा नाही म्हणा, काही बिघडत नाही. खरखर किंवा कट्‌कट् असेल तर पावसाळ्याआधी खोलून घ्या, कारण सैल हबमध्ये पाणी शिरतं, आणि मग ग्रीसचं ताक व्हायला वेळ लागत नाही. कसब्याच्या आसपास असाल तर माझ्याकडे आणा, दर तोच, साडेचारशे, छरे तुमच्यासमोर मोजून. दुसरीकडे नेलीत तरी मागचा हब उघडताना तिथे थांबा. आणि तोपर्यंत हबमध्ये तेल घालू नका. गुरुवारी आमचं दुकान बंद असतं.